चार वर्षं बोलणं नाही, आणि त्याचं स्टेटस रोज दिसतं

ताई, नमस्कार. मी इचलकरंजीत लूमच्या कारखान्यात सुपरवायझर आहे, वय ४२. डिप्लोमाला असताना एक मित्र निम्मा आमच्याच घरी असायचा, आईच्या हातचं जेवायचा. आता तो भोसरीत असतो. भांडण वगैरे काही झालं नाही, पण फोन कमी कमी होत गेले आणि आता चार वर्षं बोलणंच नाही. त्याचं व्हॉट्सॲप स्टेटस मात्र मी रोज बघतो. 'हाय' टाइप करतो आणि पुसतो. मागच्या आठवड्यात त्याने पाच स्टेटस टाकली: शिवजयंतीचा बॅनर, मुलीचा वाढदिवस, एक सुविचार, गॅलरीतल्या कढीपत्त्याच्या कुंडीचा फोटो आणि 'वेळ आल्यावरच माणसं कळतात' असं एक वाक्य. असल्या एखाद्या स्टेटसला उत्तर दिलं तर बरं दिसेल का, का आगाऊपणा वाटेल? कुठल्याला द्यायचं आणि काय लिहायचं? मालकांमुळे मी ब्लू टिक बंद ठेवतो, हेही सांगून ठेवतो.
— एक वाचक, इचलकरंजी

कढीपत्त्याला. बाकीची चार सोडून द्या.

कुंडीचं स्टेटस एव्हाना गेलं असणार, २४ तासांनी ते आपोआप जातं. पण जो माणूस एकदा कुंडीचा फोटो टाकतो तो पुन्हा टाकतोच. कुंडीचा नाही तर चहाच्या टपरीचा, पावसाने तुंबलेल्या रस्त्याचा. तेवढी वाट बघा. तोवर व्हॉट्सॲपच्या दोन गोष्टी ध्यानात घ्या, कारण तुमची निम्मी धाकधूक त्यांच्यापाशीच मिटेल.

तुम्हाला त्याचं स्टेटस दिसतंय, म्हणजे त्याच्या फोनमध्ये तुमचा नंबर अजून सेव्ह आहे. स्टेटस दिसायला दोघांकडेही एकमेकांचा नंबर असावा लागतो. त्याने तुमचा काढून टाकला असता तर तुम्हाला काहीच दिसलं नसतं. शिवाय ठरावीक लोकांपासून स्टेटस लपवायची सोयही आहे, आणि सासरची मंडळी नि ऑफिसातले साहेब यांच्यासाठी लोक ती सर्रास वापरतात. त्या यादीतही तुम्ही नाही. म्हणून तो तुमची आठवण काढत बसलाय असं मी म्हणणार नाही, नंबर फोनमध्ये वर्षानुवर्षं नुसते पडून राहतात. पण तुमचा मेसेज गेला की 'हा कोण?' असा प्रश्न त्याला पडणार नाही. स्क्रीनवर तुमचं नावच येईल, कदाचित कॉलेजातलं टोपणनाव.

दुसरी गोष्ट ब्लू टिकची, आणि ती बहुधा तुमच्या लक्षात आलेली नाही. स्टेटस कुणी कुणी बघितलं याची यादी टाकणाऱ्याला दिसते. मात्र ज्याने ब्लू टिक बंद केली आहे त्याचं नाव त्या यादीत येत नाही. म्हणजे तुम्ही रोज बघताय हे त्याला माहीतच नाही. त्याच्या बाजूने बघा: मित्राने फोन करणं थांबवलं, आणि मी काही टाकलं तर तो ढुंकूनही बघत नाही. तुमच्या बाजूने रोजची भेट चालू आहे, त्याच्या बाजूने चार वर्षांची शांतता. ब्लू टिक चालू करा असं मी म्हणत नाही. ती एका माणसापुरती चालू ठेवता येत नाही, केली तर सगळ्यांसाठीच होते, आणि मालकांचं तुम्हाला ठाऊक. फक्त एवढं समजा की नुसतं बघत राहण्याने त्याच्यापर्यंत काहीही पोचत नाहीये. पहिली गोष्ट पोचेल ती तुमचं उत्तर.

आता 'हाय' तुम्ही का पुसता ते बघू. पुसता ते बरंच करता. चार वर्षांनी नुसतं 'हाय' आलं की आपल्याकडे माणूस आधी सावध होतो. पैसे हवे असतील, विमा काढायला लावणार, कुठल्या स्कीममध्ये घेणार, नाहीतर अकाउंट हॅक झालंय आणि आता 'अर्जंट दहा हजार टाक' येणार. इतक्या दिवसांनी का, याचं उत्तर त्या दोन अक्षरांत नसतं, मग समोरचा ते आपल्या मनाने भरतो. फोनचं त्याहून अवघड. बऱ्याच वर्षांनी जुन्या मित्राचा फोन वाजला की उचलायच्या आधीच मनात येतं, 'कोण गेलं?' आणि तो कंपनीत मशीनसमोर उभा असेल तर ना धड बोलता येत, ना ठेवता येत.

स्टेटसला दिलेलं उत्तर मात्र आपलं कारण सोबत घेऊन जातं. स्टेटस उघडलं की खाली उत्तर लिहायची जागा असते, किंवा बोटाने वर सरकवलं की ती उघडते. तिथे लिहून पाठवलं की ते तुमच्या दोघांच्या खासगी चॅटमध्ये जातं आणि मेसेजच्या डोक्यावर त्याच्या त्या स्टेटसचा लहानसा तुकडा चिकटलेला असतो. दुसऱ्या कुणाला ते दिसत नाही. बरेच जण फेसबुकच्या कमेंटसारखं चारचौघांत दिसेल म्हणून कचरतात, तसं इथे नाही. 'आज अचानक कशी आठवण आली' याचं उत्तर त्या चिकटलेल्या फोटोतच असतं: तू कुंडी दाखवलीस, मी कुंडीबद्दल बोललो. विषय त्यानेच काढलेला. त्याला वेळ नसेल तर तो अंगठा दाखवून मोकळा होऊ शकतो आणि त्यात कुणाचा अपमान होत नाही. फोन न उचलणं किंवा 'हाय'ला उत्तर न देणं मात्र दोन्हीकडे बोचत राहतं.

तुम्ही पाच स्टेटस लिहून पाठवलीत हे फार बरं केलंत. जवळजवळ प्रत्येकाच्या फोनमध्ये हेच पाच नमुने असतात.

शिवजयंतीचा बॅनर त्याचा नाही, मंडळाचा किंवा कुणीतरी पाठवलेला आहे. त्याला तुम्ही 'जय शिवराय' लिहाल, तो 'जय शिवराय' लिहील, संपलं. सुविचाराचंही तेच. तो त्याने लिहिलेला नाही, कदाचित नीट वाचलेलाही नाही. सकाळी सहाला ग्रुपवर आला आणि सहा वाजून दोन मिनिटांनी स्टेटसला गेला. त्यावर काय बोलणार?

मुलीचा वाढदिवस मोहात पाडतो, कारण शुभेच्छा द्यायला निमित्त लागत नाही. पण त्या दिवशी त्याच्याकडे पन्नास शुभेच्छा येतात आणि तो रात्री बसून सगळ्यांना एकच 'धन्यवाद 🙏' चिकटवतो. तुमची शुभेच्छा त्या रांगेत जाते. द्यायची तर जरूर द्या, चांगलीच गोष्ट आहे, पण तिच्यातून बोलणं निघेल ही अपेक्षा ठेवू नका आणि आलेल्या 'धन्यवाद'वरून 'त्याला रस नाही' असा निष्कर्षही काढू नका.

'वेळ आल्यावरच माणसं कळतात' याच्या वाटेला जाऊ नका. टोमण्याचं स्टेटस हा प्रकार फोटोंच्या आधीपासूनचा आहे. आत्ताची २४ तासांची फोटो-व्हिडिओवाली स्टेटस २०१७ च्या फेब्रुवारीत आली; त्याआधी नावाखाली नुसती एक ओळ असायची, आणि लोक तिथेही हेच लिहायचे. ही ओळ कुणाला तरी उद्देशून असते. भाऊ असेल, साडू असेल, कंपनीतला कुणी असेल. चार वर्षांनी उगवून 'काय झालं रे?' विचारणाऱ्याला तो खरं सांगणार नाही, आणि न कळलेल्या माणसांत त्याने तुम्हालाही धरलं असेल तर पंचाईत. एकच अपवाद. एखाद्या दिवशी त्याचं स्टेटस जगण्याला कंटाळल्यासारखं, निरोप घेतल्यासारखं वाटलं, तर इथली कुठलीच पथ्यं पाळू नका. उत्तर टाइप करत बसायचं नाही, थेट फोन लावायचा; नाही उचलला तर त्याच्या घरच्यांना लावायचा. सरकारची टेलिमानस हेल्पलाइन १४४१६ या नंबरवर चोवीस तास चालू असते, तिथे काळजीत पडलेल्या मित्रालाही बोलता येतं.

राहिली कुंडी. ती का, तर तो फोटो त्याने स्वतः काढलाय. सकाळी गॅलरीत उभा राहिला, पानं बघून बरं वाटलं, मोबाईल काढला. अशा फोटोला बहुतेक लोक काही लिहीत नाहीत, फार तर एखादा 👌 येतो, त्यामुळे तुमचं उत्तर गर्दीत हरवत नाही. आणि कुंडीबद्दल विचारण्यासारखं खरंच काहीतरी असतं. स्टेटस निवडताना मी हेच बघते: हे याने स्वतः टाकलंय का, आणि यात मला खरोखर दिसलेली, त्याला दोन ओळींत सांगता येण्याजोगी एखादी गोष्ट आहे का. दोन्हीला 'हो' आलं तर लिहायचं. नसेल तर उद्याचं स्टेटस आहेच.

लिहायचं काय? आधी काय लिहायचं नाही ते सांगते, कारण हात तिकडेच जातो. 'एक नंबर भावा 🔥' लिहू नका. त्याला 'धन्यवाद भावा' यापलीकडे उत्तर नसतं. 'कसा आहेस, काय चाललंय, कुठे असतोस सध्या?' हेही नको. मायेने विचारलेलं असलं तरी चार वर्षांचा हिशेब एका मेसेजमध्ये मागितल्यासारखं होतं. माणूस म्हणतो, निवांत लिहू, आणि तो निवांतपणा येतच नाही. 'ओळखलंस का? विसरलास की काय आम्हाला' हा आपला लाडका टोमणा तर अजिबात नको. पहिल्याच ओळीत त्याला आरोपीच्या पिंजऱ्यात कशाला उभं करता? आणि 'सॉरी रे, इतकी वर्षं फोन केला नाही' हेही पहिल्या मेसेजात नको. ते खरं असेल, पण त्याला उत्तर म्हणून त्याला तुमचं सांत्वन करावं लागतं. कुंडीचा फोटो टाकणाऱ्यावर एवढं ओझं टाकू नये.

नुसती इमोजीही पुरत नाही. स्टेटसवर उत्तराच्या जागी आठ तयार इमोजी दिसतात, त्यातली एक दाबली की ती चॅटमध्ये मेसेज म्हणून जाते. हृदयाची खूण वेगळी आहे: ती 'लाइक' आहे, चॅटमध्ये जात नाही, बघणाऱ्यांच्या यादीतच दिसते. रोज भेटणाऱ्यांसाठी या खुणा ठीक आहेत. तुमच्यासारख्याने पाठवली तर तो 'चुकून बोट लागलं असेल' असंही समजू शकतो.

तुमच्या बाबतीत मी असं काहीतरी लिहिलं असतं:

'कढीपत्त्याला फुटवा भारी आलाय की रे. कुंडी केवढी आहे? आमच्याकडचा कुंडीत दोनदा जळला.'

यात काय काय आहे ते बघा. फुटवा दिसला, म्हणजे फोटो नीट बघितलाय. फेब्रुवारीत थंडी सरताना कढीपत्त्याला कोवळी पालवी येते आणि त्याने फोटो बहुधा त्यासाठीच काढला असणार. विचारलंय ते कुंडीच्या आकाराचं, ज्याचं उत्तर तो लिफ्टमध्ये उभ्या उभ्या देऊ शकतो. आणि शेवटी तुमचं स्वतःचं काहीतरी आहे, आपलं रोप दोनदा जळल्याचं. ते महत्त्वाचं, कारण नुसता प्रश्न चौकशीसारखा वाटतो आणि नुसती वाहवा तोंडदेखली. अर्थात तुमच्याकडे रोप जळलं नसेल तर खोटं लिहू नका. जे खरं असेल ते. रोपच नसेल तर 'आई अजून परड्यातलाच तोडते' लिहा. त्याने तुमच्या आईच्या हातचं खाल्लंय, तिचं नाव निघालं की पुढचं तोच विचारेल.

'कढीपत्ता' हा शब्द मेसेजमध्ये आलाय, तोही मुद्दाम. तुम्ही रात्री दहाला उत्तर दिलंत आणि त्याने दुसऱ्या दिवशी दुपारी चॅट उघडलं, तर तोवर स्टेटसची मुदत संपलेली असते. मेसेजवरच्या तुकड्यावर बोट ठेवून मूळ फोटो मग उघडत नाही, आणि दिवसाला सहा स्टेटस टाकणाऱ्याला कुठल्याबद्दल होतं हे आठवेलच असं नाही. 'मस्तच!' किंवा 'हे कधी केलंस?' अशा वेळी लटकत राहतं. वस्तूचं नाव घेतलेलं असलं की मेसेज फोटोशिवायही उभा राहतो. जमलं तर स्टेटस ताजं असतानाच लिहा. किती वेळापूर्वी टाकलंय ते नावाखाली दिसतंच. मात्र रात्री साडेअकराला नको. कुंडी कितीही निरागस असली तरी त्या वेळेचा मेसेज घरात वेगळाच प्रश्न उभा करतो.

हात अजूनही अडखळत असेल तर तो तुमचा एकट्याचा स्वभावदोष नाही. लारा अक्निन आणि जिलियन सँडस्ट्रॉम या दोन मानसशास्त्रज्ञांनी २०२४ मध्ये जुन्या मित्रांना मेसेज पाठवण्याबद्दलचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांना बोलायची इच्छा होती, ज्यांच्याकडे नंबर होता, ज्यांना मेसेज लिहायला खास वेळ दिला होता, अशांतल्याही एक तृतीयांशाहून कमी लोकांनी तो प्रत्यक्ष पाठवला. त्यांना उपयोगी पडलं ते एक साधं काम: आधी काही मिनिटं, ज्यांच्याशी रोजचं बोलणं आहे अशा माणसांना मेसेज करायचे आणि मग जुन्या मित्राकडे वळायचं. असं केल्यावर निम्म्याहून थोड्या जास्त लोकांनी पाठवला. तुम्हीही करून बघा. त्या दिवशी आधी मेहुण्याच्या स्टेटसला दोन ओळी लिहा, मग शिफ्टमधल्या कुणाच्या तरी. बोटं चालती झाली की भोसरीकडे वळा.

पाठवलंत, आता पुढे. समजा तासाभराने त्याचं आलं:

'आयला, तू! बारा इंची आहे. ताक घालतो अधूनमधून.'

हे उत्तम उत्तर आहे. 'आयला, तू!' हे त्याचं आश्चर्य आणि आनंद, आणि ताकाचं तुम्ही विचारलं नव्हतं, ते त्याने आपणहून घातलं. विचारलंय त्याच्यापेक्षा जास्त आलं की समजायचं, समोरच्याला बोलायचंय. इथे पुष्कळ जण उतावळे होतात आणि लगेच फोन लावतात, नाहीतर चार वर्षांचा इतिहास उघडतात. तसं करू नका. त्याने टाकलेला धागाच धरा:

'ताक? आंबट का ताजं? आई म्हणते फार घातलं की माती आंबते.'

मग तो ताकावर लिहील, आईची तब्येत विचारेल, तुम्ही सांगाल, त्याच्या मुलीची शाळा निघेल. कुठेतरी दोघांपैकी एकाची उत्तरं आखूड होतील, म्हणजे काम आलं, जेवण वाढलं, बस आली. तेव्हा तुम्हीच थांबा: 'चल, शिफ्ट सुरू होतेय, बोलू.' पहिल्या दिवशी दहा मेसेज झाले तरी भरपूर.

पण उत्तर एवढंच आलं तर?

'हो रे 😊 बारा इंची.'

विचारलं तेवढं सांगितलं, उलट काही विचारलं नाही. हे ना होकार, ना नकार. कामात असेल, लिहायचा कंटाळा असेल. आपल्या वयाचे कितीतरी पुरुष फोनवर तासभर बोलतात आणि मेसेजवर तीन शब्दांपुढे जात नाहीत. अशा वेळी प्रश्नामागे प्रश्न लावू नका. 'मस्त, मीही बारा इंचीचीच आणतो' एवढं लिहून सोडा. दोन-तीन आठवड्यांनी दुसरं एखादं तसंच स्टेटस दिसलं की पुन्हा एकदा लिहा. रोजच्या रोज प्रत्येक स्टेटसला उत्तर देणारा माणूस मात्र नकोसा होतो. त्याला वाटायला लागतं, मी काही टाकलं की हा टपूनच बसलाय. मग तो स्टेटस टाकताना तुमचा विचार करतो, आणि पुढची पायरी तुम्हाला त्या लपवायच्या यादीत टाकण्याची असते.

आणि काहीच आलं नाही तर? ब्लू टिक बंद असल्यामुळे तुम्हालाही त्याची निळी खूण दिसणार नाही, करड्या दोन खुणा दिसतील आणि तिथेच थांबतील. खरं सांगू, इथे तुमचं ते सेटिंग तुमच्या फायद्याचं आहे. वाचून उत्तर दिलं नाही की वाचलंच नाही, हे कळायचा मार्गच नाही, म्हणून त्यावर झोप घालवायचीही गरज नाही. खाली '?' पाठवू नका, 'बिझी दिसतोयस' पाठवू नका, आणि पाठवलेला मेसेज डिलीटही करू नका. 'हा मेसेज डिलीट केला' ही ओळ मागे राहते आणि ती मूळ मेसेजपेक्षा जास्त बोलते. महिनाभराने दुसऱ्या एखाद्या स्टेटसवर एक प्रयत्न, त्यानंतर हवा तर आणखी एक. तीनदा सलग काहीच परत आलं नाही तर या वाटेने आत्ता काही होणार नाही असं समजा. मग दसऱ्याला किंवा संक्रांतीला एक साधा फोन, किंवा दोघांना ओळखणाऱ्या वर्गमित्राकडून खुशाली. काही माणसांना मेसेजमधून बोलताच येत नाही.

या रीतीची मर्यादाही सांगते, कारण तुमचं पत्र वाचून इतरही करून बघतील. ती चालते ती तुमच्यासारख्या ठिकाणी, जिथे काही बिनसलेलं नाही, नुसतं राहून गेलंय. जिथे उसने पैसे अडकलेत, लग्नात मानपान झालाय, एकमेकांबद्दल काहीबाही बोललं गेलंय, तिथे कढीपत्त्याबद्दल विचारणं म्हणजे काही घडलंच नाही असं दाखवणं, आणि ते समोरच्याला जास्त लागतं. तिथे जे झालं त्याबद्दलच आधी बोलावं लागतं, समोरासमोर नाहीतर फोनवर. आणि मैत्रिणींच्या स्टेटसला उत्तर देणाऱ्या पुरुषांनी फोटोतल्या जागेबद्दल, पदार्थाबद्दल, कामाबद्दल लिहावं, दिसण्याबद्दल नको. हे सांगावं लागू नये, पण माझ्याकडे येणारी पत्रं वाचून सांगावं लागतं.

तुमची गाडी मेसेजवर दोन-तीनदा नीट चालली की फोनचं विचारा, पण विचारून करा: 'रविवारी सकाळी असशील तर फोन करतो, काम काही नाही.' 'काम काही नाही' हे शब्द जरूर लिहा, त्याने त्याच्या मनातला सगळा संशय जातो. चार वर्षांचं जे काही बोलायचं ते त्या फोनवर, आणि तेही लांबण लावून नाही. 'राहून गेलं रे माझ्याकडून' एवढं पुरे. तो 'माझ्याकडूनही' म्हणेल किंवा विषय बदलेल, दोन्हीचा अर्थ तोच.

एक करता येण्यासारखं आणखी आहे. तुम्ही स्वतः स्टेटस टाकता का, हे पत्रात नाही. टाकत नसाल तर अधूनमधून टाका: मागावरचं कापड, पंचगंगेचं पाणी, आईने वाळत घातलेले सांडगे, काहीही, फक्त स्वतः काढलेलं. आत्ता बोलायला सुरुवात करायची सोय तुमच्याकडे आहे, त्याच्याकडे नाही. त्यालाही एखादी कुंडी दिसू द्या. ब्लू टिक बंद असल्याने कुणी बघितलं ते तुम्हालाही कळणार नाही, पण तुमचं स्टेटस लोकांना दिसायला त्याने काही अडत नाही. एकदा सेटिंगमध्ये जाऊन बघा की लपवायच्या यादीत तुम्हीच कधीकाळी भलत्यांची नावं घालून ठेवलेली नाहीत ना.

आणि हे घरात लगेच सांगू नका. भोसरीतल्या मित्राशी बोलणं सुरू झालंय असं कळलं की आठवड्याच्या आत कुणीतरी म्हणणारच, 'त्याच्या कंपनीत आपल्या पोराचं बघ की.' पोराचा बायोडाटा निदान वर्षभर तरी त्याच्या चॅटमध्ये जाता कामा नये. 'काम काही नाही' असं तुम्ही त्याला लिहून दिलेलं असेल.